माहिती अधिकाराच्या उत्तरातून काय मिळाले, काय नाकारले : उत्तर वाचण्याची एक पद्धत

वनहक्क दाव्यांच्या कामात आपल्या केंद्रांतून माहिती अधिकाराचे अर्ज जातात आणि त्यांची उत्तरेही येतात. पण बरीच उत्तरे "माहिती मिळाली नाही" असा शेरा मारून फाइलमध्ये लावली जातात. प्रत्यक्षात एका उत्तरात थोडी माहिती दिलेली असते, थोडी नाकारलेली असते आणि काही मुद्द्यांवर नुसते शब्द असतात. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या, तरच अपिलात काय मागायचे ते ठरते. अपिलाला मुदत असल्यामुळे हे काम उत्तर आले त्याच आठवड्यात करावे.

पद्धत सोपी आहे. एका कागदावर चार रकाने आखावेत : आपण काय मागितले, काय मिळाले, नाकारताना कोणते शब्द वापरले आणि कोणते कलम लिहिले. अर्जातील प्रत्येक मुद्द्याला एक ओळ द्यावी. नकाराचे शब्द उत्तरात आहेत तसेच उतरवावेत, त्यांचा सारांश करू नये. "उपलब्ध नाही", "देता येत नाही" आणि "या कार्यालयाशी संबंधित नाही" ही तीन वेगळी उत्तरे आहेत, आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. उपविभागीय अधिकारी कार्यालयाकडे एका तालुक्यातील वैयक्तिक वनहक्क दाव्यांबद्दल पाच मुद्द्यांचा अर्ज केला. यातील आकडे आणि तारखा उदाहरणापुरत्या आहेत, उत्तरांचा साचा मात्र नेहमी दिसणारा आहे.

पहिला मुद्दा : दाखल, मंजूर व नामंजूर दाव्यांची संख्या. उत्तर : दाखल ४१२, मंजूर २६८, नामंजूर ९७. ही माहिती मिळाली, म्हणून दुसऱ्या रकान्यात आकडे लिहावेत. पण बेरीजही करावी. २६८ आणि ९७ मिळून ३६५ होतात, म्हणजे ४७ दाव्यांचा हिशेब उत्तरात नाही. ते प्रलंबित आहेत, ग्रामसभेकडे परत गेले आहेत की वरच्या समितीकडे आहेत, हे उत्तरात लिहिलेले नाही. आकडे मिळाले तरी हा मुद्दा अर्धाच सुटला, अशी नोंद करावी.

दुसरा मुद्दा : ९७ नामंजूर दाव्यांच्या निर्णयांच्या प्रती. उत्तर : "वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही." काही कार्यालये याच उपकलमाला ८(१)(जे) म्हणतात. इथे कलम लिहिले आहे, म्हणजे हा कायद्यात बसवलेला नकार आहे, आणि त्याला कायद्यातूनच उत्तर द्यावे लागते. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या उपकलमात बदल केला आहे. पूर्वी त्यातच सार्वजनिक हिताचा विचार होता, तो आता काढला आहे. पण कलम ८(२) कायम आहे. माहिती उघड करण्यातले सार्वजनिक हित नुकसानापेक्षा मोठे असेल, तर माहिती देता येते, असे ते म्हणते. कलम १०ही कायम आहे. त्यानुसार न देण्याजोगा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. म्हणून अपिलात "दावेदाराचे नाव, आधार क्रमांक झाकून निर्णयाचा भाग व नामंजुरीचे कारण द्यावे" अशी नेमकी मागणी करावी.

याहून सरळ वाटही आहे. दावेदाराने स्वतःच्या दाव्याची प्रत स्वतः मागितली, तर दुसऱ्याची खासगी माहिती उघड होते हा आक्षेप राहत नाही. ज्या कुटुंबांना निर्णय मिळालेलाच नाही, त्यांच्या नावाने वेगळे अर्ज करावेत. वनहक्क नियमांनुसार नामंजुरी दावेदाराला प्रत्यक्ष कळवावी लागते आणि तेव्हापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. निर्णयाचा कागद हातात नसेल, तर दाद मागताना कशाविरुद्ध बोलायचे हेच कुटुंबाला कळत नाही. वनहक्काच्या अर्जांत म्हणूनच हा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे.

तिसरा मुद्दा : समितीच्या बैठकांचे इतिवृत्त. उत्तर : "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." चौथा रकाना रिकामा राहिला, कारण हे नाकारण्याचे कलमच नाही. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. संकलन नसले, तरी मूळ नोंदवही असू शकते. तिची पाहणी करण्याचा आणि हव्या त्या पानांच्या प्रती घेण्याचा हक्क कलम २(ञ) देते. अपिलात पाहणीसाठी तारीख व वेळ मागावी.

चौथा मुद्दा : मोजणीचे नकाशे. उत्तर : "ही माहिती भूमी अभिलेख कार्यालयाशी संबंधित आहे, तेथे अर्ज करावा." माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्जाचा तो भाग पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदाराला कळवण्याचे काम कलम ६(३) ने त्याच अधिकाऱ्यावर टाकले आहे. ओळीसमोर "हस्तांतरण केले नाही" असे लिहावे.

पाचवा मुद्दा : "इतके दावे का नामंजूर झाले?" उत्तर : "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही." हा नकार बहुधा टिकतो. कायदा कार्यालयात असलेली नोंद देतो, नवे स्पष्टीकरण तयार करायला लावत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे या मुद्द्यावर अपिलात जोर लावू नये. पुढच्या अर्जात "नामंजुरीच्या शिफारशीवरील टिपणी व आदेश यांच्या प्रती" अशी कागदाची मागणी करावी.

मुद्द्यांनंतर उत्तराचा शेवट वाचावा. माहिती नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणे कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. यातील काय नाही, ते कागदाच्या तळाशी लिहावे.

मग तारखा. अर्ज ३ जूनला पोहोचला, तर ३० दिवस ३ जुलैला संपतात. उत्तरावर १ जुलै ही तारीख आहे, पण पाकिटावरील टपाल शिक्का ७ जुलैचा आणि पत्र हातात आले ९ जुलैला. उत्तर मुदतीत निघाले नाही, हे शिक्क्यावरून दाखवता येते, म्हणून पाकीट फेकू नये. प्रथम अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ८ ऑगस्टपर्यंत करावे. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत अपेक्षित असतो. पुढे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात माहिती अधिकाऱ्यावर असते. म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले असणे आपल्या उपयोगी पडते.

एक नकार असा आहे की तो अर्जातच टाळता येतो. माहितीचा हक्क कलम ३ नुसार नागरिकांना आहे. संस्थेच्या शिक्क्याने, नुसत्या संस्थेच्या नावे अर्ज केला, तर "अर्जदार नागरिक नाही" असे उत्तर येऊ शकते. अर्ज कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नावाने व सहीने करावा आणि पत्त्यात केंद्राचे नाव लिहावे.

नमुन्याचा कागद पूर्ण झाल्यावर चित्र असे दिसते : एक मुद्दा अर्धा मिळाला, एक कलमाने नाकारला, दोन कलमाशिवाय टाळले आणि एक आपल्याच शब्दांमुळे गेला. अपिलात पहिले चार मुद्दे घ्यावेत, पाचवा नव्या अर्जात घालावा. असे दहा-बारा कागद एकत्र ठेवले, की कोणते कार्यालय कोणते शब्द पुन्हा पुन्हा वापरते ते कळते आणि पुढचा अर्ज ते शब्द डोळ्यांसमोर ठेवून लिहिता येतो.