रविवारची चाचणी आधी, वेळापत्रक नंतर

प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप सहसा उत्साहात सुरू होतो. ‘उद्यापासून सगळे मिळून अभ्यास करू’ असा मेसेज पडतो, त्याखाली पाच-सहा अंगठे उमटतात आणि आठवडाभरात ग्रुपवर फक्त नोट्सचे फोटो फिरत राहतात. उत्साह कमी पडला म्हणून असे होते, असे नाही. त्या मेसेजमध्ये होकार किंवा नकार देण्याजोगे काहीच नसते. अंगठा दाखवणाऱ्याने नेमके कशाला हो म्हटले, हे त्याला स्वतःलाही माहीत नसते. सामायिक वेळापत्रकाचा प्रस्ताव कसा मांडावा, हे पाहण्यासाठी एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण या परीक्षेची रचनाच वेळापत्रकाला आकार देते.

सीईटीत पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी एका गुणाचे. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. वेळेचा हिशेब केला तर पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात आणि गणितात १०८. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असतो. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. यातले जवळपास प्रत्येक वैशिष्ट्य साप्ताहिक चाचणीत उतरायला हवे.

ग्रुपमध्ये बहुतेक वेळा आधी रोजचे तास ठरवले जातात : सकाळी सहा ते आठ भौतिकशास्त्र, रात्री नऊ ते अकरा गणित. हे फार टिकत नाही. एकाचे कॉलेज सकाळचे असते, एक जण संध्याकाळी घरच्या दुकानात बसतो, एक जण एसटीने ये-जा करतो. सहा जणांचे तास जुळवण्यापेक्षा सहा जणांचा एक रविवार जुळवणे पुष्कळ सोपे. म्हणून आधी चाचणी पक्की करावी, तिचा पोर्शन जाहीर करावा आणि त्या पोर्शनचा अभ्यास कधी करायचा हे ज्याचे त्याच्यावर सोडावे. सामायिक असते ती फक्त मुदत.

पोर्शन ठरवताना सोमवारपासून पुढे जाण्यापेक्षा शेवटाकडून मागे यावे. बारावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत भौतिकशास्त्राची १६, रसायनशास्त्राची १६ आणि गणिताच्या दोन भागांची मिळून १५ प्रकरणे आहेत, एकूण ४७. ऑक्टोबरपासून जानेवारीअखेर, म्हणजे बोर्डाच्या लेखी परीक्षेपर्यंत, दिवाळीचा एक रविवार सोडला तरी १६ रविवार मिळतात. त्यातला प्रत्येक चौथा रविवार नव्या पोर्शनशिवाय ठेवला की १२ उरतात. आठवड्याला चार प्रकरणे हा आकडा असा निघतो. तो कोणाला झेपणारा नसेल तर ते पहिल्याच दिवशी कळते. डिसेंबरात ‘अजून इंटिग्रेशन राहिलंय’ अशी धांदल मग होत नाही.

चौथा रविवार रिकामा का ठेवायचा, हा प्रश्न ग्रुपमध्ये हमखास येतो. फक्त चालू आठवड्याच्या प्रकरणांवर चाचण्या घेतल्या की गुण छान येतात, कारण प्रश्न कोणत्या प्रकरणातला आहे हे आधीच माहीत असते. खऱ्या परीक्षेत ते माहीत नसते. म्हणून चौथ्या रविवारी तोवरच्या सगळ्या पोर्शनवर पूर्ण तीन तासांची, २०० गुणांची चाचणी घ्यावी. सीईटी संगणकावर होते, त्यामुळे ही चाचणी शक्यतो पडद्यावरच द्यावी. पडद्यावरचा आकडा कच्च्या कागदावर उतरवताना होणाऱ्या चुका कागदी प्रश्नपत्रिकेत कधीच दिसत नाहीत.

बाकीच्या रविवारी अर्धी चाचणी पुरते. भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी २५ प्रश्न ४५ मिनिटांत, मग गणिताचे २५ प्रश्न पुढच्या ४५ मिनिटांत. वेग खऱ्या परीक्षेचाच राहतो आणि गुण १०० होतात. प्रत्येक विषयाच्या २५ पैकी पाच प्रश्न अकरावीचे असावेत. पहिला भाग लवकर संपला तरी उरलेला वेळ गणिताला द्यायचा नाही, कारण परीक्षेतही तो मिळत नाही.

प्रश्नपत्रिका कोणी काढायची, ही खरी अडचण. काढणाऱ्याला प्रश्न माहीत असतात. सहा जणांच्या ग्रुपमध्ये यावर साधा उपाय आहे. एका आठवड्यात तिघांनी एकेक विषय घ्यावा, पुढच्या आठवड्यात उरलेल्या तिघांनी. ज्याने जो विषय काढला, तो त्या विषयापुरता पर्यवेक्षक होतो आणि त्याच्या त्या रकान्यात रेघ येते. उत्तरसूचीत प्रत्येक प्रश्नापुढे पुस्तकाचे नाव आणि पान लिहावे. गाइडमधली उत्तरे कधीकधी चुकीची छापलेली असतात, आणि पान लिहिलेले नसेल तर अर्धी चर्चा उत्तर बरोबर की चूक या वादातच जाते.

एवढे ठरले की मेसेज लिहिता येतो. तो असा असू शकतो :

“सगळ्यांनो, सीईटीच्या तयारीसाठी एक प्रस्ताव मांडतोय. पूर्ण वाचा आणि बुधवारी रात्रीपर्यंत उत्तर द्या, अंगठा नको.

१) येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी ८ वाजता अभ्यासिकेत चाचणी. फिजिक्स-केमिस्ट्री २५-२५ प्रश्न ४५ मिनिटं, मग मॅथ्स २५ प्रश्न ४५ मिनिटं. त्यानंतर एक तास चर्चा. ११ ला मोकळे.

२) पहिला पोर्शन : रोटेशनल डायनॅमिक्स, सॉलिड स्टेट, मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिसेस. शिवाय अकरावीचे पाच-पाच प्रश्न. पुढच्या पोर्शनची यादी खाली जोडली आहे. दर चौथ्या रविवारी तोवरच्या सगळ्यावर पूर्ण पेपर, त्या दिवशी साडेबारापर्यंत.

३) पेपर काढायला एका आठवड्यात तिघं, पुढच्या आठवड्यात दुसरे तिघं. पेपर आणि उत्तरं शनिवारी रात्री ९ पर्यंत तयार. पहिल्या वेळी फिजिक्स मी काढतो. केमिस्ट्री आणि मॅथ्सला कोण?

४) अंदाजाने मारलेल्या उत्तरापुढे ‘अ’ लिहायचं. गुण फक्त आपल्या सहा जणांत राहतील.

हे आधी चार रविवार करून बघू, मग बदलायचं की बंद करायचं ते ठरवू.

उत्तरात तीन गोष्टी लिहा : ८ ची वेळ जमेल का, चार प्रकरणं झेपतील का, कोणता विषय काढाल.”

या मेसेजमधली सर्वांत उपयोगी ओळ शेवटची. ‘कसं वाटतं?’ असे विचारले की ‘मस्त’ असे उत्तर येते. तीन नेमके प्रश्न विचारले की अडचणी बाहेर येतात. समजा एसटीने येणाऱ्याने लिहिले, “माझी पहिली गाडीच ८.४० ला पोचते,” आणि दुसऱ्याने, “मॅट्रिसेस आमच्याकडे अजून शिकवलं नाही.” पहिली अडचण सगळ्यांची मानून वेळ साडेनऊची करावी, कारण दर रविवारी उशिरा येणारा तिसऱ्या रविवारी यायचाच थांबतो. दुसरीसाठी गणिताचा क्रम बदलावा. मात्र प्रकरणांची एकूण संख्या बदलू नये. बदल झाल्यावर पहिल्या मेसेजखाली दुरुस्त्या टाकत बसण्यापेक्षा अंतिम मेसेज नव्याने लिहून तो पिन करावा. नाहीतर रविवारी तिघे आठला येतात आणि तिघे साडेनऊला.

‘अ’ लिहिण्याचा नियम किरकोळ वाटतो, पण गुणांचा अर्थ त्याच्यावरच अवलंबून असतो. चुकीला दंड नसल्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नये, हे सर्वांना ठाऊक असते. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तरी सरासरी चारांत एक बरोबर येतो. परीक्षेत याचा फायदाच आहे, साप्ताहिक चाचणीत मात्र खरी स्थिती त्यामुळे झाकली जाते. एका विद्यार्थ्याचे गणित पाहा. पहिल्या रविवारी त्याने २५ पैकी १५ खात्रीने सोडवले, त्यांतले १३ बरोबर आले, म्हणजे २६ गुण. उरलेल्या १० अंदाजांत ४ लागले, आणखी ८ गुण. एकूण ३४. तिसऱ्या रविवारी खात्रीचे १७, त्यांतले १६ बरोबर, ३२ गुण. अंदाजाच्या ८ पैकी एकच लागला, २ गुण. एकूण पुन्हा ३४. बेरजेकडे पाहिले तर तीन आठवडे वाया गेले असे वाटेल, आणि त्या वयात असे वाटणे महागात पडते. खात्रीचे गुण मात्र २६ वरून ३२ वर गेले आहेत. रकाने म्हणून दोन हवेत, आणि आठवड्यांची तुलना पहिल्या रकान्याची करावी.

पर्सेंटाइल काढण्याचा मोह मात्र टाळावा. सीईटी अनेक सत्रांत होते आणि हजारो विद्यार्थ्यांच्या गुणांवरून सत्रनिहाय पर्सेंटाइल ठरतो. सहा जणांत पहिला आला याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ग्रुपमध्ये क्रमांक लावायला लागले की दोन-तीन आठवड्यांत शेवटचे दोघे कारणे सांगू लागतात, हा वेगळाच तोटा.

चर्चेच्या तासात सगळे ७५ प्रश्न घेणे शक्य नसते. दोन किंवा अधिक जणांचे चुकलेले प्रश्नच फळ्यावर घ्यावेत. एकट्याचा चुकलेला प्रश्न त्याने घरी पाहावा. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक कारण लिहावे : माहीत नव्हते, येत होते पण आकडेमोड किंवा वाचन चुकले, वेळ संपली. पहिल्या कारणाचा उपाय पुस्तक हा आहे. दुसऱ्याचा नाही. आकडेमोडीत चुकणारा मुलगा तेच प्रकरण पुन्हा वाचत बसला तर पुढच्या रविवारीही तितकेच चुकतो, त्याला रोज दहा उदाहरणे घड्याळ लावून करायला हवीत. शेवटचे पाच-सहा प्रश्न दर वेळी वेळेअभावी अंदाजाने मारावे लागत असतील, तर आधी कोणते प्रश्न सोडायचे हे शिकणे बाकी आहे. गणितात दोन मिनिटे उलटूनही वाट सापडत नसेल तर प्रश्नावर खूण करून पुढे जावे.

ही घडी बिघडू लागली की काही खुणा लवकर दिसतात. पेपर शनिवारी रात्रीऐवजी रविवारी पहाटे तयार होतो. कोणीतरी ‘मी घरूनच देतो’ म्हणतो, आणि त्याचे गुण एकदम वाढतात. चर्चा चाचणीपेक्षा लांबते. पेपर उशिरा होत असेल तर प्रश्न कमी करावेत, रविवार पुढे ढकलू नये, कारण ढकललेली चाचणी सहसा होतच नाही. आजारपण सोडून घरून दिलेल्या चाचणीचे गुण तक्त्यात धरू नयेत, हा नियम पहिल्या मेसेजमध्येच असला तर नंतर कोणा एकाला उद्देशून सांगावा लागत नाही.

चार रविवारांनंतर प्रस्तावकाने दुसरा, आखूड मेसेज टाकावा : किती जण किती वेळा आले, कोणती प्रकरणे सर्वांना जड गेली, पुढच्या चार आठवड्यांत काय बदलायचे. सहापैकी दोघे नियमित येत नसतील तर चौघांनी पुढे जावे. पेपर काढण्याची पाळी तेव्हा नव्याने लावावी लागते : चौघांपैकी तिघे काढतात, एक जण तिन्ही विषय देतो, आणि सुटणारा दर आठवड्याला बदलतो. फेब्रुवारीत बोर्डाच्या लेखी परीक्षेसाठी चाचण्या पूर्ण थांबतात, कारण तिथे उत्तरे सविस्तर लिहायची असतात आणि ५४ सेकंदांची सवय आड येते. शेवटचा पेपर झाल्यावर सीईटीपर्यंत हाताशी येणारे आठवडे मोजून नवा मेसेज लिहायचा. त्यात नवे प्रकरण एकही नसते, फक्त तीन तासांचे पूर्ण पेपर असतात, आठवड्याला एकाऐवजी दोन किंवा तीन.