गोदाआजीचं नाक कुठे गेलं?

मुलांच्या एका गोष्टीसाठी मी बारा चित्रं करायला घेतली होती. गोष्टीत एक गोदाआजी आहे. सत्तरीची, लांबट चेहऱ्याची, डोळे खोल गेलेले, नाक पोपटाच्या चोचीसारखं, हनुवटीवर तीळ. विहिरीशी उभी असलेली ही आजी मी आधी पेन्सिल आणि जलरंगात काढली, आणि बाकीचे प्रसंग संगणकावर स्टेबल डिफ्युजनकडून काढून घ्यायचे ठरवले. पहिल्या चित्रात आजी बरीचशी माझीच होती. तिसऱ्यात नाक सरळ झालं. सहाव्यात गाल भरले, सुरकुत्या विरल्या. आठव्या चित्रात मटार सोलत बसली होती ती पन्नाशीची, नाकीडोळी नीटस अशी कुणी भलतीच बाई. तीळ तेवढा टिकला होता, तोही गालावर सरकून.

चूक माझ्या पद्धतीत होती. एक चित्र चांगलं उतरलं की पुढच्यासाठी तेच नमुना म्हणून द्यायचं, असं मी करत होते.

नमुना दिल्यावर आत काय होतं ते पाहू. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं चित्र आधी दाबून ६४ बाय ६४ घरांच्या जाळीत बसवतात. मूळच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या वाट्याला एक घर, आणि घरात फक्त चार आकडे. आजी नखशिखांत उभी असेल, तर तिचा चेहरा जेमतेम ऐंशी ठिपके उंच भरतो, म्हणजे दहा घरं. एक अख्खा डोळा एका-दीड घरात. नाकाचा बाक तेवढ्या जागेत मावणार तरी कसा?

मग या जाळीवर नॉइज ओतला जातो. जुन्या टीव्हीवर केबल गेली की मुंग्या दिसायच्या, तसला. किती ओतायचा ते `denoising strength` या आकड्यावर ठरतं. ०.३ ठेवलं तर चित्र जवळपास तसंच राहतं, प्रसंग काही बदलत नाही. ०.७ ठेवलं तर विहिरीच्या जागी स्वयंपाकघर येतं, पण चेहऱ्याचे बारकावे मुंग्यांखाली गाडले जातात. ते परत उकरून काढायला मॉडेलकडे माझ्या आजीची आठवण नसते. त्याने शिकताना पाहिलेल्या असंख्य म्हाताऱ्या बायका असतात, आणि त्यांतून जे सर्वसाधारण निघतं ते ते भरतं: सरळ नाक, सारखे डोळे, तुकतुकीत कातडी. म्हणून चेहरा भरकटतो तो वाटेल तिकडे भरकटत नाही, त्याला एक उतार असतो. आपण आलेलं चित्र पुन्हा नमुना म्हणून दिलं, की प्रत्येक फेरीत तो त्याच उतारावरून आणखी खाली येतो. कानगोष्टींच्या खेळात शब्दाचं होतं तेच इथे नाकाचं झालं.

तेव्हा पहिली दुरुस्ती सोपी होती: दर वेळी मूळ चित्रच द्यायचं. त्याने घसरगुंडी थांबली, पण बारा चित्रांत बारा सख्ख्या बहिणी दिसायला लागल्या. कारण नॉइज दर वेळी नवा होता.

हा नॉइज एका आकड्यातून उगवतो, त्याला सीड म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. एका बियाण्यातून जाळीतल्या ६४ गुणिले ६४ गुणिले ४, म्हणजे १६,३८४ जागांचे आकडे निघतात. बियाणं तेच, शब्द तेच, बाकी सगळी मांडणी तीच, तर चित्रही जवळजवळ हुबेहूब तेच येतं. सीडच्या रकान्यात `-1` असेल, तर दर वेळी नवं बियाणं पेरलं जातं, आणि बहुतेकांचा रकाना तसाच असतो. माझाही होता.

आता शब्दांकडे. माझ्या जुन्या सूचना पाहिल्या तर मलाच हसू आलं. एकीकडे ‘प्रेमळ आजी’, दुसरीकडे ‘हसरी म्हातारी’, तिसरीकडे ‘खेडवळ वृद्धा’. माझ्या लेखी ती एकच बाई होती, पण मॉडेलला हे तीन निराळे पत्ते. शिवाय ‘प्रेमळ’ हा काही चेहऱ्याचा अवयव नाही. तो शब्द दिला की गाल गोल होतात, कारण जगभरच्या प्रेमळ आज्या तशाच रंगवलेल्या असतात. आपण जे बोलत नाही ते नॉइज ठरवतो, आणि जे मोघम बोलतो ते सरासरी ठरवते. मग मी दिसणाऱ्या गोष्टींचं एक वर्णन पक्कं केलं, इंग्रजीत, कारण हे मॉडेल मुख्यतः इंग्रजीवरच पोसलेलं आहे:

```
70 year old Indian woman, long narrow face,
deep-set eyes, hooked nose, white hair in a bun,
thick round glasses, shelling peas in a kitchen
Seed: 41827  Steps: 30  Sampler: DDIM  Size: 512x512
```

चेहरा आधी, त्याच क्रमाने, एक स्वल्पविरामही न हलवता. बदलायचा तो फक्त शेवटचा तुकडा. तीळ मी काढून टाकला आणि आजीला जाड भिंगांचा चष्मा दिला. तिळासारखी खूण दहा घरांच्या चेहऱ्यात हरवते, शिवाय मॉडेलला डावं-उजवं नीट कळत नाही. चष्मा आणि पांढरा अंबाडा दुरूनही ओळखू येतात.

मांडणी तीच ठेवायची हेही अक्षरशः घ्यायचं. आकार ५१२ बाय ७६८ केला की जाळीच बदलते, आणि त्याच सीडमधून वेगळंच पीक येतं. `Euler a` नावाची पद्धत प्रत्येक पायरीला थोडा नवा नॉइज टाकत राहते, त्यामुळे पायऱ्या तीसच्या चाळीस केल्या तरी चेहरा पालटू शकतो. `DDIM` सहसा तसं करत नाही, म्हणून ती निवडली.

एवढं केल्यावर सहा चित्रांत आजी एकच दिसायला लागली. पण सहाही चित्रांत तिची मान एकाच बाजूला कललेली! सीड म्हणजे चेहऱ्याची ओळख नव्हे. डोकं कुठे असेल, कुठे कललेलं असेल, उजेड कुठून येईल, असा चित्राचा ढोबळ सांगाडा त्यातून येतो. सांगाडा तोच राहिला की चेहरा त्यात टिकतो, इतकंच. आजीला वाकून चूल फुंकायला लावली, तेव्हा एक तर ती वाकेना, नाही तर वाकली की दुसरीच बाई होई. अशा प्रसंगांसाठी मी वर्णन तसंच ठेवून वीस सीड चालवून पाहिले आणि त्यांतले दोन ठेवले.

उरलेल्या चित्रांत चेहरा वेगळा दुरुस्त केला. मूळ जलरंगातला चेहरा कापून नव्या चित्रात त्या जागी चिकटवला आणि फक्त तेवढाच चौकोन ५१२ ठिपक्यांना मोठा करून ०.४ वर पुन्हा रंगवून घेतला. आता चेहऱ्याला दहाच्या जागी साठेक घरं मिळतात, आणि नाकाचा बाक त्यांत व्यवस्थित बसतो. मूळ चेहऱ्याची पंधरा-वीस चित्रं असती, तर मॉडेललाच तो शिकवता आला असता, पण माझ्याकडे एकच होतं.

तपासण्याची रीतही मला उशिरा सुचली. पाचव्या शेजारी सहावं चित्र ठेवलं की सगळं ठीक वाटतं, कारण एका पायरीतला फरक डोळ्यांना कळत नाही. आता मी सगळ्या चित्रांतले चेहरे कापून एकाच उंचीचे करते आणि प्रत्येक चेहरा मूळ चेहऱ्याशेजारी ठेवते. नाक, भुवयांमधलं अंतर आणि जबड्याची रेघ, एवढं पाहिलं की पुरतं.

एका चित्रापुढे मात्र हे सगळं हरलं. त्यात आजी पूर्ण बाजूने दिसते, दारात बसून वाती वळताना. समोरून काढलेल्या चेहऱ्यात बाजूचं नाक कुठेच नव्हतं, म्हणून दर सीडला मॉडेल नवंच नाक कल्पून देई. शेवटी मी पेन्सिल घेतली, आजीला बाजूने काढली आणि तोच नमुना दिला.