कॉफी आणि पाळी जातानाच्या गरम वाफा

पाळी जाण्याच्या काळात छातीपासून मानेकडे आणि चेहऱ्याकडे एकाएकी वाफ चढते, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांनी थंडी वाजू लागते. या साऱ्या वेळात शरीराचे आतले तापमान फारसे बदललेले नसते. घोटाळा होतो तो मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रात, म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये. इस्ट्रोजेन कमी झाले की तिथल्या काही चेतापेशींवरचा लगाम सुटतो आणि थोडीशी उष्णताही त्यांना फार वाटू लागते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे रॉबर्ट फ्रीडमन यांनी हे मोजून दाखवले. ज्या स्त्रियांना पाळी गेल्यावर असा त्रास नव्हता, त्यांच्या शरीराचे तापमान साधारण 0.4 अंश सेल्सिअसने वरखाली झाले तरी त्यांना घामही येत नव्हता आणि हुडहुडीही भरत नव्हती. त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये ही मोकळीक जवळजवळ शून्यावर आली होती. त्यामुळे स्वयंपाकघरातली ऊब, अंगावरची जाड चादर किंवा गरम पेयाचा घोट एवढेही निमित्त त्यांना पुरते.

ही मोकळीक कमी होण्यात नॉरअ‍ॅड्रिनलिन या रसायनाचाही हात असावा. मेंदूतले नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवणारे औषध दिल्यावर वाफा येतात आणि ते कमी करणारे औषध दिल्यावर घाम उशिरा फुटतो, असे फ्रीडमन यांच्याच प्रयोगांत दिसले. कॉफीवर संशय येतो तो इथे. कॅफिन मेंदूत अ‍ॅडिनोसिनची जागा अडवते. अ‍ॅडिनोसिन हे शरीराला विश्रांतीकडे नेणारे रसायन आहे. त्याची वाट अडली की तरतरी येते आणि अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचे प्रमाणही वाढते. तेव्हा कॉफीने वाफा वाढत असतील, या समजुतीला शरीरशास्त्राचा आधार आहे. पण कारण पटण्यासारखे असले म्हणजे परिणाम होतोच असे नाही.

या प्रश्नावरचे सर्वांत जास्त उद्धृत केले जाणारे काम अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे आहे. 2005 ते 2011 या काळात मिनेसोटातील रॉचेस्टरच्या दवाखान्यात रजोनिवृत्तीच्या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. त्यांतल्या 1,806 जणींच्या उत्तरांचे विश्लेषण 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी पूर्ण थांबलेल्या स्त्रियांपैकी ज्या कॅफिन घेत होत्या, त्यांना वाफांचा आणि रात्रीच्या घामाचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त होता. हा फरक खरा होता, पण लहान होता. उलट, ज्यांची पाळी अजून पूर्ण थांबली नव्हती त्यांच्यात कॅफिन घेणाऱ्यांच्या मनःस्थितीच्या, स्मरणाच्या आणि एकाग्रतेच्या तक्रारी कमी होत्या.

या अभ्यासाची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. कॅफिन आणि त्रास या दोन्हींची नोंद एकाच वेळी झाली होती, त्यामुळे आधी काय आणि मागून काय हे त्यातून ठरत नाही. रात्री चार वेळा घामाने जागी होणारी स्त्री दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवण्यासाठी कॉफी वाढवते, हेही तितकेच शक्य आहे. म्हणून ‘कॉफी बंद करा, वाफा जातील’ असे छातीठोकपणे सांगायला आधार नाही. ‘कॉफीचा काही संबंध नाही’ असेही म्हणता येत नाही. सरासरीत लहान दिसणारा फरक एखादीच्या बाबतीत मोठा असू शकतो आणि दुसरीच्या बाबतीत मुळीच नसू शकतो. तो आपल्यात आहे का, हे ज्या त्या स्त्रीला स्वतःवर पाहता येते.

मात्र सहसा जी पद्धत वापरली जाते, म्हणजे कॉफी सोडायची आणि बरे वाटते का ते बघायचे, ती फसवी आहे. वाफांवरच्या औषधांच्या चाचण्यांत काही स्त्रियांना नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी देतात. अशा चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले की निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या वाफाही निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या. त्यात अपेक्षेचा वाटा आहे, आणि हा त्रास मुळात आपोआप चढता-उतरता असतो याचाही. कॉफी सोडल्यावर आठवड्याभरात हलके वाटले, तर श्रेय कॉफी सोडण्याचे की या दोन गोष्टींचे, हे एकदाच करून कळत नाही. त्यासाठी कॉफी पुन्हा सुरू करावी लागते आणि पुन्हा थांबवावी लागते. त्रास दोन्ही वेळा त्याच दिशेने हलला, तरच निष्कर्षाला वजन येते.

सुरुवात नोंदीपासून होते. उशाशी आणि पर्समध्ये एकेक छोटी वही ठेवायची आणि वाफ आली की वेळ लिहायची. संशोधक तीव्रता तीन पायऱ्यांत मोजतात, तीच मापे घरीही चालतात. नुसती ऊब, घाम नाही, तर 1. ऊब आणि घाम, पण हातातले काम चालू, तर 2. काम थांबवावे लागले किंवा झोपेतून उठून बसावे लागले, तर 3. दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण कॅफिनचा हिशेब रात्री वेगळा लागतो. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीवर विसंबू नये, कारण वाईट दिवस आठवणीत मोठे होतात.

दुसरे काम म्हणजे दिवसभरात एकूण किती कॅफिन जाते ते पाहणे. शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन असते. फिल्टर कॉफीचे प्रमाण डिकॉक्शनच्या दाटपणावर ठरते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीत कॅफिन नसते, म्हणून पाकिटावरची टक्केवारी वाचावी. मराठी घरात कॉफीपेक्षा चहाचा हिशेब जास्त चुकतो. कपभर कडक चहात 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन सहज असते, आणि कॉफी सोडलेली बाई दोन कप चहा वाढवते तेव्हा प्रयोगातला फरकच पुसला जातो. चाचणीच्या काळात चहा रोज तेवढाच आणि त्याच वेळी असावा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते.

कॉफी एकदम तोडू नये. रोजची सवय अचानक सुटली की 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते, चिडचिड आणि मरगळ येते आणि हे आठवडाभरही टिकू शकते. त्या दिवसांत वाफा मोजण्यात अर्थ नसतो. तीन-चार दिवसांत मात्रा उतरवत आणावी आणि त्या जागी कॅफिन काढलेली कॉफी घ्यावी. तिच्यात कॅफिन अगदी थोडे असते आणि चव व ऊब तशीच राहते. याचा मोठा फायदा असा की गरम पेयाने येणारी वाफ आणि कॅफिनने येणारी वाफ यांची सरमिसळ होत नाही. घरातल्या कोणी दोन्ही प्रकारच्या कॉफी एकसारख्या बरण्यांत भरून त्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहिले आणि कोणती कुठली ते शेवटपर्यंत सांगितले नाही, तर अपेक्षेचा प्रभावही बराच कमी होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 50 वर्षांच्या एका शिक्षिकेची पाळी दीड वर्षापूर्वी थांबली आहे. त्या सकाळी सातला आणि दुपारी साडेचारला मोठा कप कॉफी घेतात. त्यांनी दहा-दहा दिवसांचे चार टप्पे केले: नेहमीची कॉफी, कॅफिन काढलेली, पुन्हा नेहमीची, पुन्हा कॅफिन काढलेली. प्रत्येक टप्प्यातले पहिले तीन दिवस बदल अंगवळणी पडण्यासाठी सोडून दिले आणि उरलेले सात मोजले. दिवसाच्या वाफा अनुक्रमे 35, 27, 31 आणि 32 आल्या. रात्रीच्या 14, 8, 13 आणि 7.

दुसऱ्या टप्प्यात चाचणी थांबवली असती, तर दिवसाच्या वाफा 35 वरून 27 वर आल्या म्हणून कॉफी दोषी ठरली असती. चौथ्या टप्प्याने ते खोडून काढले. कॅफिन नसतानाही दिवसाचा आकडा खाली आला नाही. रात्रीचा आकडा मात्र कॅफिन थांबले तेव्हा दोन्ही वेळा जवळपास निम्म्यावर आला आणि मध्ये ते सुरू झाल्यावर पुन्हा चढला. कॅफिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. साडेचारच्या कपातले निम्मे साडेनऊला आणि पाव हिस्सा मध्यरात्रीनंतरही शरीरात असतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा निचरा आणखी मंद होतो. आता या बाईंनी सकाळची कॉफी तशीच ठेवून फक्त दुपारची बदलावी आणि तेच दोन टप्पे पुन्हा करावेत. रात्रीचा आकडा तेवढाच उतरला, तर सकाळचा कप सोडण्याचे कारण उरत नाही.

यातही एक बारकावा आहे. कॅफिनने झोप पातळ होते आणि पातळ झोपेत छोटी वाफही जागे करते. त्यामुळे रात्रीच्या नोंदी घटल्या म्हणजे वाफाच कमी झाल्या की गाढ झोपेत त्या जाणवल्या नाहीत, हे वहीतून कळत नाही. रात्रीची झोप मिळणे हाच हेतू असेल, तर दोन्ही परिस्थितींत उपाय तोच राहतो.

ज्यांची पाळी अजून अनियमितपणे येते, त्यांनी टप्पे लांब ठेवावेत आणि पाळीच्या तारखाही लिहाव्यात, कारण पाळीच्या सुमारास वाफा बऱ्याचदा वाढतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू झालेली चाचणी डिसेंबरच्या थंडीत संपली, तर हवामानाचे श्रेय कॉफीला जाते. नवे औषध सुरू झाल्यावर, प्रवासात किंवा घरच्या लग्नकार्यात चाचणी करूच नये. आठवड्याला दोन-तीन वाफांचा फरक एरवीच्या चढउतारातही पडतो, तेव्हा त्यावरून निर्णय घेऊ नये.

काही लक्षणे या चाचणीच्या कक्षेत येत नाहीत. रात्रीच्या घामाबरोबर ताप, लांबलेला खोकला किंवा घटते वजन असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी व्हायला हवी. छातीची धडधड आणि हातांची थरथर असेल, तर थायरॉइडची. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर कॉफी असो वा नसो, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. आणि चाचणीनंतरही वाफा रोजच्या कामात आड येत राहिल्या, तर त्यांवर परिणामकारक औषधे आहेत, हार्मोनची आणि हार्मोनविरहितही. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी, कारण त्रास किती वेळा, कोणत्या वेळी आणि किती तीव्र, हेच त्यांना आधी विचारायचे असते.