कुणावर गेली ही?

नववीच्या वर्गाला त्या दिवशी आनुवंशिकतेचा धडा शिकवला आणि जाताजाता घरचा अभ्यास दिला. वहीत तीन रकाने आखायचे: आई, बाबा, मी. कुणाला जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता येते आणि कुणाला येत नाही, एवढंच लिहून आणायचं. शाळेत असताना हा अभ्यास मीही केला होता, पण लग्नानंतर स्वतःच्या घरात तो कधी करून पाहिला नव्हता. ती उत्सुकता घेऊनच मी घरी आले.

रात्री जेवायला बसल्यावर मी सगळ्यांना जिभा बाहेर काढायला लावल्या. सासूबाईंना जमलं नाही. ह्यांना जमलं नाही. मला तर कधीच जमत नव्हतं. सहावीतल्या लेकीने मात्र क्षणात जिभेची सुरेख नळी करून दाखवली.

"अगं बाई, मग ही कुणावर गेली?" सासूबाई सहज म्हणाल्या.

ह्यांनी विचारलं, "तुमच्या धड्यात काय म्हटलंय?"

मी उसळीतला एक मटार आणि चटणीतला एक शेंगदाणा ताटाच्या कडेला ठेवला. मटार म्हणजे जीभ वळवू देणारं जनुक, दाणा म्हणजे न वळवू देणारं. प्रत्येकाकडे अशी दोन जनुकं असतात, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. मटार प्रभावी, म्हणून दोनांपैकी एक जरी मटार असला तरी जीभ वळते. दोन्ही दाणे असतील तरच वळत नाही. मुलाला देताना आई आपल्या दोनांतलं एकच देते, वडीलही एकच देतात.

"म्हणजे तुझ्याकडे दोन दाणे, माझ्याकडे दोन दाणे," हे हिशेब करत म्हणाले. "मग हिच्याकडे मटार आला कुठून?"

ताटांवर शांतता पसरली. आमच्या घरात तो प्रश्न हिशेबाचाच होता, संशयाचा नव्हता. पण माझ्या घशाखाली घास उतरेना. त्याच वेळी माझ्या वर्गातल्या प्रत्येक घरात हाच हिशेब मांडला जात होता. त्यातल्या एखाद्या घरात हाच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला गेला तर? दत्तक असल्याचं अजून ठाऊक नसलेलं एखादं मूल त्या रकान्यांकडे बघत बसलं असेल तर?

त्या रात्री आणि पुढचे काही दिवस मी मिळेल ते वाचत राहिले. चूक माझ्या घरात नव्हती, त्या नियमात होती.

जिभेची ही गोष्ट 1940 साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडली. माणूस मोठाच होता. जनुकं गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने बसलेली असतात, याचा पहिला नकाशा त्यानेच 1913 मध्ये केला होता. जीभ वळवण्याची क्षमता घराण्यात उतरते आणि तिच्यामागे एक प्रभावी जनुक असावं, असं त्याला वाटलं. पण त्याने तपासलेल्या कुटुंबांतही दोघांना जीभ वळवता येत नसताना मुलाला येते, अशी उदाहरणं होती. म्हणजे आमच्या जेवणाच्या ताटावरचं कोडं पहिल्या निबंधापासूनच होतं.

मग 1952 मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांकडे पाहिलं. अशी जुळी एकाच फलित बीजापासून होतात, त्यामुळे त्यांची जनुकं सारखीच असतात. एकाच जनुकावर सगळं ठरत असेल तर एकाची जीभ वळली की दुसऱ्याचीही वळायला हवी. पण 33 जोड्यांपैकी 7 जोड्यांत एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही. त्याच सुमारास जपानमधल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत दिसलं की सहा-सात वर्षांच्या मुलांत 54 टक्क्यांना जीभ वळवता येत होती, बारा वर्षांच्या मुलांत 76 टक्क्यांना. जनुक वयाबरोबर बदलत नाही. मुलं ते शिकत होती.

स्टर्टेव्हंटने पुढे 1965 च्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा सोडून दिला आणि आपलं उदाहरण अजूनही सिद्ध नियम म्हणून छापलं जातं याचा संकोच वाटतो, असं मोकळेपणाने लिहिलं. शाळांनी मात्र ते उदाहरण सोडलं नाही.

दुसऱ्या खेपेला जेवताना मी हे सगळं सांगितलं. लेक लगेच म्हणाली, "आई, मला पहिलीत कुठे येत होतं? मैत्रिणीचं बघून आरशासमोर शिकले मी!"

"आणि कानाची पाळी?" ह्यांनी विचारलं. "चिकटलेली की सुटी, तेही पुस्तकात असतंच की."

तेही एका जनुकाचं काम नाही. 2017 मध्ये सुमारे 75 हजार लोकांच्या तपासणीतून पाळीच्या ठेवणीशी संबंधित 49 जागा जनुकसंचात सापडल्या. शिवाय कितीतरी पाळ्या पुरत्या चिकटलेल्याही नसतात आणि पुरत्या सुट्याही नसतात.

"रक्तगटाचं तरी खरं ना?" सासूबाईंनी विचारलं.

ते बरंचसं खरं आहे. ए, बी, एबी आणि ओ हे गट एकाच जनुकाच्या प्रकारांवर ठरतात, आणि आई-वडील दोघे ओ गटाचे असतील तर मूलही ओ गटाचंच असतं. पण याही नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्या मुंबईत सापडला. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली, म्हणून जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. तांबड्या पेशीवर ए किंवा बी ची खूण उभी राहायला आधी एच नावाचा पाया लागतो. काही मोजक्या लोकांत तो पायाच तयार होत नाही. त्यांच्याकडे ए चं जनुक असलं तरी खूण उमटत नाही आणि नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट ओ दिसतो. जोडीदाराकडून मुलाला एच मिळाला की तेच ए चं जनुक मुलात उघड होतं. कागदावर ओ आणि ओ, मूल मात्र ए. इथेही आई निर्दोष असते, अपुरी असते ती चाचणी. एच ची वेगळी तपासणी केली की उलगडा होतो. ती होणं फार गरजेचं असतं, कारण अशा माणसाला साधं ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी मूल गोरं झालं तरी बाईला बोल लागायचा. आता जिभेवरून नको लावू देऊस."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन आई आणि बाबा हे दोन्ही रकाने खोडायला सांगितले. आता आम्ही ही पाहणी फक्त वर्गातल्या मुलांची करतो. किती जणांना जमतं ते मोजतो, ज्यांना जमत नाही ते महिनाभर सराव करतात आणि आम्ही पुन्हा मोजतो. आनुवंशिकतेचा नियम शिकवायला मेंडेलचे वाटाणे आहेतच. तिथे तो नियम चोख लागू पडतो.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. माणसांमधली माणसामाणसातली वेगळेपणं मुलांना जरूर दाखवा, पण मुलाला आई-वडिलांशी ताडून बघायचा अभ्यास घरी देऊ नका. आणि पालकहो, तो आलाच, तर ताटावर बसून निकाल लावू नका. जीभ वळणं किंवा न वळणं हा नात्याचा पुरावा नाही.