नोडच्या समीकरणात चिन्ह नेमकं कुठे चुकतं?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

नोडची समीकरणं सोडवताना तुमची आकडेमोड सहसा बरोबर असते. गडबड होते ती अधिक-उण्याची. त्याचं कारण तुम्ही एकच देता: 'प्रवाहाची खरी दिशा ओळखता आली नाही.' हे पत्र त्या समजुतीबद्दल आहे, कारण तीच चुकीची आहे. खरी दिशा आधी ओळखायची गरज नसते. प्रवाह कुठून कुठे जातो हे समीकरण सुटल्यावरच कळणार असतं; ते आधीच माहीत असतं तर समीकरण मांडलंच कशाला असतं? चिन्ह चुकतं ते एकाच समीकरणात दोन वेगवेगळे संकेत मिसळल्यामुळे. काही पदं 'नोडमधून बाहेर जाणारा प्रवाह' म्हणून लिहिली जातात, काही 'नोडमध्ये येणारा' म्हणून, आणि सगळ्यांची बेरीज मात्र एकाच जातीची असल्यासारखी केली जाते.

एक सर्किट घेऊ. वहीत काढून शेजारी ठेवा. 12 व्होल्टच्या सोर्सचं धन टोक 2 किलोओहमच्या रोधातून नोड A ला जोडलंय. A पासून ग्राउंडपर्यंत 2 किलोओहम, A पासून B पर्यंत आणखी 2 किलोओहम. B पासून ग्राउंडपर्यंत 6 किलोओहम, आणि 4 मिलिअँपिअरचा करंट सोर्स ग्राउंडकडून B मध्ये प्रवाह ढकलतो. रोध किलोओहममध्ये ठेवले की प्रवाह थेट मिलिअँपिअरमध्ये मिळतो. A चं समीकरण जवळजवळ सगळेच बरोबर लिहितात:

```
(VA - 12)/2 + VA/2 + (VA - VB)/2 = 0
```

यातलं प्रत्येक पद A मधून बाहेर जाणारा प्रवाह सांगतं. सोडवलं की `3VA - VB = 12` मिळतं. आता B कडे आल्यावर काय होतं ते पाहा. A आणि B मधल्या रोधातला प्रवाह एकदा `(VA - VB)/2` असा लिहून झालेला असतो. तोच प्रवाह, तोच रोध, म्हणून तेच पद उचलून इथेही ठेवलं जातं आणि समीकरण तयार होतं `(VA - VB)/2 + VB/6 = 4`. पण ते पद A मधून बाहेर जाणाऱ्या, म्हणजेच B मध्ये येणाऱ्या प्रवाहाचं आहे. शेजारचं `VB/6` मात्र B मधून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचं. येणारा आणि जाणारा यांची बेरीज झाली, आणि वजाबाकी व्हायला हवी होती. या समीकरणातून उत्तर येतं VA = 0 आणि VB = -12 व्होल्ट. B वर उभं राहून लिहिलेलं समीकरण असं असतं:

```
(VB - VA)/2 + VB/6 - 4 = 0
```

यातून VA = 8 आणि VB = 12 व्होल्ट मिळतात. घालून पाहा: B मधून A कडे 2 मिलिअँपिअर, ग्राउंडकडे 2 मिलिअँपिअर, आणि सोर्समधून आत आलेले 4. हिशोब जुळतो.

इथे एक रास्त शंका निघते. मधल्या रोधात प्रवाह एकाच दिशेने वाहतो. मग तो A वरही 'बाहेर जाणारा' आणि B वरही 'बाहेर जाणारा' कसा म्हणायचा? उत्तर आकड्यांतच आहे. A वर `(8 - 12)/2` म्हणजे -2, आणि B वर `(12 - 8)/2` म्हणजे +2. 'A मधून उणे दोन बाहेर गेले' आणि 'B मधून दोन बाहेर गेले' ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. खरा प्रवाह B कडून A कडे आहे, आणि तो तसा आहे हे A च्या समीकरणाला आधी सांगावं लागलं नाही. उणं चिन्ह ते काम आपोआप करतं. म्हणून नियम एवढाच: ज्या नोडचं समीकरण लिहिताय, त्याचा व्होल्टेज प्रत्येक रोधाच्या पदात आधी लिहा आणि त्यातून पलीकडच्या टोकाचा वजा करा. नोड बदलला की पद नव्याने लिहा, आधीच्या ओळीतून उचलू नका.

कुणी म्हणेल, किर्खॉफचा नियम तर 'येणारे प्रवाह बरोबर जाणारे प्रवाह' असाही शिकवतात, मग ती पद्धत चुकीची का? मुळीच नाही. 1845 मध्ये मांडलेल्या त्या नियमामागची गोष्ट एवढीच की नोडवर विद्युतभार साठून राहत नाही, आणि ती कोणत्याही मांडणीत खरीच राहते. अडचण व्यवहारातली आहे. त्या पद्धतीत प्रत्येक नोडवर प्रत्येक शाखेचा बाण ठरवून तो कुठल्या बाजूला जातो हे तपासावं लागतं, आणि तेवढ्या वेळा चुकण्याची संधी मिळते. सगळे प्रवाह 'बाहेर' धरले की निर्णय फक्त करंट सोर्सपुरता उरतो: बाण नोडकडे असेल तर उणे, नोडपासून दूर असेल तर अधिक. तिथेही पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, हे घाईत राहून जातं.

दुसरा गैरसमज असा की उत्तर उणे आलं म्हणजे चूक झाली. वरच्या सर्किटमध्ये -12 व्होल्ट संशयास्पद आहेच, कारण तिथे B ला ग्राउंडच्या खाली खेचणारं काहीही नाही. दोन्ही सोर्स वरच ढकलतात. पण करंट सोर्स उलटा करा, म्हणजे तो B मधून 4 मिलिअँपिअर काढून घेऊ लागेल. आता VB = -4 व्होल्ट आणि VA सुमारे 2.67 व्होल्ट येतो, आणि हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. उणं उत्तर खोडण्याआधी विचारायचं ते हे, की सर्किटमध्ये त्याला कारण आहे का.

हेच संगणकावरही दिसतं. स्पाइसमध्ये करंट सोर्सचा प्रवाह पहिल्या लिहिलेल्या नोडकडून सोर्समधून दुसऱ्या नोडकडे जातो, म्हणून आपलं सर्किट असं लिहावं लागतं:

```
* node check
V1 S 0 12
R1 S A 2k
R2 A 0 2k
R3 A B 2k
R4 B 0 6k
I1 0 B 4m
.op
.end
```

शेवटून तिसऱ्या ओळीत `I1 B 0 4m` लिहिलंत तर तेच -4 आणि 2.67 मिळतील. आणि बरोबर लिहूनही `V1` मधला प्रवाह -2 मिलिअँपिअर दाखवला जाईल. तो दोष नाही: धन टोकातून सोर्सच्या आत शिरणारा प्रवाह स्पाइस अधिक मानतं, आणि सोर्स प्रवाह पुरवत असतो तेव्हा तो त्या टोकातून बाहेर पडतो.

मग चूक समीकरण सोडवायच्या आधीच कशी पकडायची? B चं चुकीचं समीकरण पुन्हा पाहा. त्यात VB पुढे मधल्या रोधामुळे उणे आणि 6 किलोओहममुळे अधिक चिन्ह आहे, म्हणजे 1/2 आणि 1/6 यांची बेरीज होण्याऐवजी वजाबाकी झाली. रोध आणि स्वतंत्र सोर्स एवढंच असेल तेव्हा हे कधीच होऊ शकत नाही. नोडच्या स्वतःच्या व्होल्टेजपुढे सगळीकडे अधिक, शेजारच्या नोडच्या व्होल्टेजपुढे सगळीकडे उणे. एक चिन्ह जरी वेगळं दिसलं तरी तिथेच थांबा. या तपासणीला मर्यादा आहे: दुसऱ्या शाखेच्या व्होल्टेजवर किंवा प्रवाहावर अवलंबून असणारा सोर्स असेल तर त्याचं पद कुठल्याही चिन्हाचं येऊ शकतं. तेव्हा ते पद बाजूला ठेवून फक्त रोधांच्या पदांना ही कसोटी लावा, आणि नियंत्रक प्रवाहाचा बाण आकृतीत जसा दिलाय तसाच घ्या, आपल्या सोयीने फिरवू नका.

पुढच्या गृहपाठात प्रत्येक समीकरणाच्या डावीकडे 'A मधून बाहेर', 'B मधून बाहेर' असं लिहून मगच पहिलं पद मांडा.

तुमचे शिक्षक