निविदा हातची गेली? आधी कारण वाचा

बोईसर-तारापूरच्या देखभाल कंत्राटदार मित्रांनो, सरकारी निविदा गेली की आपण म्हणतो, "पुढच्या वेळी रेट कमी टाकू." पण तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाला असाल, तर तुमचा रेट कुणी उघडलेलाच नसतो! त्यामुळे आधी पोर्टलवर तांत्रिक मूल्यमापनाचा निकाल उघडा. शेरा मोघम असेल तर लेखी कारण मागा. केंद्रीय कार्यालयांसाठीच्या जनरल फायनान्शियल रूल्स 2017 मधल्या नियम 173 प्रमाणे विचारणाऱ्या बोलीदाराला कारण सांगावं लागतं.

सर्वांत जास्त दिसणारा शेरा म्हणजे 'समान कामाचा अनुभव सिद्ध नाही'. नेहमीची अट अशी असते: मागच्या 7 वर्षांत अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक, 50 टक्क्यांची दोन किंवा 40 टक्क्यांची तीन कामं पूर्ण केलेली हवीत.

समजा, निविदा 50 लाखांची आहे आणि तुमची कामं 38, 22 आणि 21 लाखांची. एक काम 40 लाखांचं नाही, 25 च्या वरची दोन नाहीत; पण 20 च्या वरची तीन आहेत, म्हणजे तुम्ही पात्र आहात. तरी बाद का? तिसऱ्या कामाला पूर्ण झाल्याची तारीख आणि अंतिम रक्कम असलेला दाखलाच नाही, नुसती वर्क ऑर्डर जोडलीय. आपली बरीच कामं एमआयडीसीतल्या खासगी कंपन्यांची असतात. अशा कामांसाठी बऱ्याच निविदा दाखल्यासोबत टीडीएसचा पुरावाही मागतात.

म्हणून काम संपलं की शेवटच्या बिलासोबतच तारीख-रकमेसह दाखला मागून घ्या. दोन वर्षांनी दाखला देणारा अधिकारी तिथे असेलच असं नाही.