तेवीस टक्के साम्य म्हणजे तेवीस टक्के चोरी नव्हे

धाटावच्या कारखान्यात पाळ्या करून वरसे गावच्या एखाद्या बापाने मुलीला पीएच.डी.पर्यंत पोचवावे आणि प्रबंध तपासून आल्यावर कागदावर 'साम्य 23 टक्के' असे छापलेले असावे. घरात धसका बसतो. पोरीने उतारे चोरले की काय? हा कागद कसा वाचावा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

हे तपासणीयंत्र मूळचे कुठले, तेही पाहू. जर्मनीतील कोलोन शहरात 2009 साली 'प्लॅगस्कॅन' सुरू झाले. 2020 साली ते स्वीडनच्या 'उरकुंड'शी एक होऊन 'ओरिजिनल' झाले, आणि 2021 साली अमेरिकेच्या 'टर्निटिन'ने ते विकत घेतले. 2019 साली आपल्या विद्यापीठांना सरकारी 'शोधशुद्धी' योजनेतून मिळाले ते हेच उरकुंड. जर्मनीला या गोष्टीचा चटका चांगलाच बसला आहे. 2011 साली तेथील संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचललेले उतारे सापडले, बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि मंत्रिपदही गेले. तरीही बर्लिनच्या प्राध्यापिका डेबोरा वेबर-वुल्फ वर्षानुवर्षे ही यंत्रे तपासून एकच सांगत आल्या आहेत : यंत्र चोरी पकडत नाही, फक्त सारखा मजकूर दाखवते. चोरी आहे की नाही, ते माणसाने वाचून ठरवायचे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा महाडच्या 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर इंग्रजीत लिहिलेला 20,000 शब्दांचा प्रबंध आहे. यंत्राला 4,600 शब्द अन्यत्र सापडले, म्हणून 23 टक्के. पहिल्या पानावरचा हा आकडा पाहून थांबायचे नाही. पुढची पाने उघडावीत. प्लॅगस्कॅनच्या अहवालात हुबेहूब जुळलेला मजकूर लाल, किंचित फिरवलेला निळा आणि अवतरणचिन्हांतला हिरवा दिसे. इतर यंत्रांचे रंग वेगळे असतात, पण वाचायची रीत तीच.

हिरव्या मजकुरात बाबासाहेबांच्या भाषणांतील उतारे आणि बावीस प्रतिज्ञा आहेत : 1,400 शब्द. ते अन्यत्र सापडणारच! प्रतिज्ञा हजारो ठिकाणी छापल्या आहेत, त्या कोणी आपल्या शब्दांत थोड्याच लिहायच्या? शेवटची ग्रंथसूची आणखी 1,000 शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत आधार देऊन घेतलेली अवतरणे, ग्रंथसूची, कायद्यांची नावे आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य धरू नये असे म्हटले आहे. अवतरणे व सूची वगळली की उरतात 2,200 शब्द, म्हणजे 11 टक्के.

मात्र यंत्र बहुधा अवतरणचिन्हे पाहूनच अवतरण ओळखते. उतारा नुसता आत सरकवून टाइप केला, चिन्हे घातली नाहीत, तर तो पुष्कळदा वगळला जात नाही. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर प्रथम हे पाहावे.

नंतर स्रोतांची यादी. एका स्रोतापुढे 6 टक्के, दुसऱ्यापुढे 5 असे लिहिलेले असते. ते बेरजेने एकूण आकड्याइतके होत नाहीत, कारण एकच वाक्य अनेक ठिकाणी सापडलेले असते. यादीत मुलीचाच आधी जमा केलेला कच्चा मसुदा असेल तर साम्य शंभराजवळही जाते. तो स्रोत वगळून पुन्हा तपासावे, असे मार्गदर्शकांना सांगावे.

आपल्या उदाहरणातले 2,200 शब्द बघू. त्यांतले 1,300 विखुरलेले आहेत : संस्थांची नावे, कायद्यांची शीर्षके, ठरावीक वाक्यरचना. उरलेले 900 शब्द मात्र एकाच ठिकाणचे, कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधून चिन्हाविना, आधाराविना उतरवलेले. दोष तिथे आहे, आणि खराखुरा आहे. एकूण आकडा 5 टक्के असता तरी तो दोषच ठरला असता. हा भाग स्वतःच्या शब्दांत लिहून आधार दिला, तर साम्य 6.5 टक्क्यांवर येते.

11 आणि 6.5 मधला फरक किरकोळ नाही. 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, 40 ते 60 मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. म्हणून अवतरणे वगळण्याआधीच्या 23 वर कोणी निकाल लावत असेल, तर पूर्ण अहवाल मागावा आणि काय वगळले, काय नाही, ते लेखी विचारावे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट अधिक. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात टाइप केलेला मजकूर यंत्राला निरर्थक अक्षरांची रांग वाटते, त्यामुळे साम्य शून्याजवळ येते. इंग्रजी पुस्तकातला उतारा मराठीत उतरवून स्वतःचा म्हणून छापला, तर तोही बहुधा सुटतो. असा शून्याचा कागद कोणी अभिमानाने दाखवला, तर आधी टंक कोणता होता ते विचारावे.